सहाची बॅच

फ्रीगंजात टॉवरपासून कुठल्याही गल्लीत वळा, मान वर केली की कोचिंगच्या पाट्या दिसतात. संध्याकाळी आमच्या फाटकासमोर स्कूटींची अशी दाटी होते की बाहेर पडायची पंचाईत. पोरं शिकताहेत म्हणून मी आपली कौतुकानंच बघायची. गेल्या वर्षी त्या दाटीत आमच्या दूधवाल्यांची मुलगी दिसली, आणि तेव्हापासून मी हिशेब करू लागले.

ती घट्टिया तहसिलीतल्या एका खेड्यातली. अकरावीला बायोलॉजी घेतलेली, डोक्यात नीटची परीक्षा. वडिलांनी म्हैस विकून फी भरली. आमच्या शेजारणीची मुलगी तिच्याच बॅचमध्ये. फी तीच, सर तेच, छापील नोट्सही त्याच. म्हणजे बरोबरी झाली, असं मला वाटलं होतं.

पण दिवस कसा जातो ते बघा. शेजारणीची मुलगी पावणेसहाला चप्पल घालते. सहा ते साडेसात वर्ग, मग अर्धा तास अडलेलं विचारायचं. आठला घरी, गरम पोळी तयार. दूधवाल्यांची मुलगी बस गाठायला सरकारी शाळेचा शेवटचा तास रोज सोडते. परतीची शेवटची बस सव्वासातला. म्हणून ती सातलाच वर्गातून उठते, आणि विचारायचा अर्धा तास तर तिच्या वाट्याला येतच नाही. एकीला दोन तास मिळाले, दुसरीला एक. फी सारखी, म्हणजे गावच्या मुलीला तासाचा भाव दुप्पट पडला! वर शाळेचा एक तास बुडाला, तो वेगळाच. बसचे जाऊन-येऊन ऐंशी रुपये. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दोन हजार.

आता सरकारी पाहणी काय म्हणते ते सांगते. 2025 च्या राष्ट्रीय शिक्षण पाहणीत शहरातली 30.7 टक्के आणि खेड्यातली 25.5 टक्के मुलं खासगी शिकवणीला जातात असं आढळलं. फरक पाचच टक्क्यांचा. एवढंच वाचून ‘गावंही आता मागे नाहीत’ असं म्हणणारे भेटतात. पुढचा आकडा मात्र ते वाचत नाहीत. शिकवणीवरचा वर्षाचा सरासरी खर्च शहरात मुलामागे 3,988 रुपये, खेड्यात 1,793. या मुलीचं एका महिन्याचं बसभाडंच त्या वर्षाच्या आकड्याहून जास्त आहे. शिवाय ‘शिकवणी’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या वस्तू भरल्यात. गावात संध्याकाळी कुणाच्या ओसरीवर मुलं बसतात ती पाढे आणि वाचन पक्कं करायला. शाळेत राहून गेलेलं तिथं भरून निघतं. फ्रीगंजात विकत मिळते ती दुसऱ्याच्या पुढे जायची तयारी. जागा मोजक्या असल्या की एकाचं पुढे जाणं म्हणजे दुसऱ्याचं मागे पडणंच. पाहणीच्या टक्केवारीत मात्र दोघं एकाच रकान्यात.

या शिकवणीला मार्क ब्रे या अभ्यासकानं 1999 च्या आपल्या पुस्तकात शाळेची सावली म्हटलं. शाळेचा अभ्यासक्रम बदलला की शिकवणीही बदलते, म्हणून सावली. मला इथं उलटंच दिसतं. सावलीची वेळ सहाची, म्हणून शाळेनं साडेतीनला मुलगी सोडायची. आणि सहाचीच वेळ का? तर शहरातल्या शाळा सुटून पोरं घरी जाऊन, खाऊन येतात म्हणून. बसचं वेळापत्रक विचारात घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मध्य प्रदेशात सरकारी शाळांतल्या मुलांना मेडिकलमध्ये पाच टक्के जागा राखून ठेवल्यात. चांगलं झालं, गावच्या मुलांनाही त्याचा उपयोग होतो. पण तिथं सरकारी शाळा एवढंच बघतात. इथल्याच माधवनगरच्या सरकारी शाळेतून पायी कोचिंगला जाणारा मुलगा आणि ही बसमधली मुलगी त्यात शेजारी-शेजारी उभे. त्याच्यावर माझा राग नाही हो, त्याच्याही घरी काही सोन्याची ताटं नसतील. पण सव्वासातची बस त्याला कधी गाठावी लागली नाही.

आपल्या समाजाच्या शिष्यवृत्त्यांचंही तेच. कोचिंगची पावती आणा, अर्धी फी घ्या. भाड्याला, खोलीला, डब्याला पैसे नाहीत, कारण त्याची पावती नसते. फ्रीगंजातल्या मुलीला फीच काय ती भरायची असते, म्हणून तिचं भागतं. तालुक्याच्या गावातल्या आपल्याच लोकांचं अर्धंही भागत नाही. महिला मंडळाच्या बैठकीत मी हे बोलले. एक ताई म्हणाल्या, “भाड्याचा हिशेब ठेवणार कोण?”

मी त्या मुलीला तिकिटं जपून ठेवायला सांगितलं. दोन महिन्यांनी तिनं फरसाणाच्या पिशवीत भरून आणून दिली, रबर लावलेले गठ्ठे, प्रत्येकावर महिना लिहिलेला. पुढच्या बैठकीला ती पिशवी मी घेऊन जाणार आहे. आठवड्यातले दोन दिवस, विचारायचा तास चुकू नये म्हणून, ती आमच्या मागच्या खोलीत राहते. बाकीचे दिवस सातलाच उठते.