खरबरीत भिंत आणि सरळ रेषा: पाचर सिद्धांताचं उत्तर बरोबर, पण आकृती चूक

रिटेनिंग वॉलवरच्या अ‍ॅक्टिव्ह थ्रस्टबद्दल आपण सगळे एक वाक्य पाठ करून येतो: ‘कुलोम भिंतीचं घर्षण धरतो म्हणून अचूक, रँकिन धरत नाही म्हणून सुरक्षित.’ परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण संशोधनात भिंतीच्या मागच्या खरबरीत पृष्ठभागाशी तुमचा संबंध येणार असेल, तर या वाक्यातले दोन्ही भाग एकदा तपासून घ्या.

आधी दोन्ही सिद्धांत नेमकं काय विचारतात ते बघू. कुलोमचा पाचर सिद्धांत (वाचन 1773, छपाई 1776) मातीच्या आत डोकावतच नाही. भिंतीमागची मातीची एक अख्खी पाचर सरळ प्रतलावरून खाली सरकते असं तो मानतो, तिच्यावरच्या बलांचा तोल साधतो आणि ज्या प्रतलाला सर्वांत जास्त थ्रस्ट येतो ते निवडतो. घसरण-प्रतल सिद्धांत उलट बाजूने येतो. मातीच्या प्रत्येक बिंदूपाशी घसरणीच्या दोन दिशा असतात, आणि त्या शेजारच्या बिंदूंशी जुळवत जायच्या असतात. रँकिनचं 1857 चं काम हे त्याचं सर्वांत सोपं रूप, जिथे सगळी प्रतलं सरळ आणि समांतर असतात. पुढे कॉटरने घसरण-रेषेवरचा दाब कसा बदलतो त्याचं समीकरण दिलं, आणि सोकोलोव्हस्कीने वाकड्या रेषांसाठी संख्यात्मक उत्तरं काढली.

आता एक उदाहरण घेऊ. भिंत उभी, उंची 6 मीटर, भराव सपाट, माती कोरडी वाळू, γ = 18 kN/m³, φ = 30°. भिंत पूर्ण खरबरीत, म्हणजे δ = 30°. पाचरीच्या प्रतलाचा आडव्याशी कोन α असेल, तर बलांच्या त्रिकोणातून

P = W sin(α − φ) / cos(α − φ − δ)

α बदलत गेलात तर 50° ला P सुमारे 94.4, 54.4° ला 96.3 आणि 60° ला 93.5 kN/m येतो. कमाल 96.3, म्हणजे Ka = 0.297. या तीन आकड्यांकडे नीट बघा. कोन पाच-सहा अंशांनी चुकला तरी थ्रस्ट दोन-तीन टक्केच हलतो. कमाल मूल्याभोवतीचा वक्र असा पसरट आहे, आणि पाचर सिद्धांताची अर्धी अब्रू त्यानेच राखली आहे.

उरलेली अर्धी कुठे जाते, ते मोमेंट घेतल्यावर कळतं. पाचरीवर तीन बलं आहेत: वजन W, भिंतीची प्रतिक्रिया P आणि प्रतलावरची प्रतिक्रिया R. तीन बलं तोलात राहायची तर ती एकाच बिंदूतून गेली पाहिजेत. कोरडी वाळू आहे आणि वर भार नाही, म्हणून दाब खोलीबरोबर सरळ वाढतो. त्यामुळे P आणि R दोन्ही तळापासून 2 मीटरवर, म्हणजे उंचीच्या एक-तृतीयांशावर लागतात. पाचरीची वरची रुंदी 4.3 मीटर, म्हणून W ची रेषा भिंतीपासून 1.43 मीटरवर. प्रतलावरचा 2 मीटर उंचीचा बिंदूसुद्धा भिंतीपासून 1.43 मीटरवरच आहे. म्हणजे W आणि R तिथे भेटतात. आणि P? तो भिंतीवरून 30° वर चढत जातो आणि त्या रेषेपाशी पोहोचेपर्यंत 1.43 × tan 30° = 0.83 मीटर वर गेलेला असतो. तिन्ही एकत्र येत नाहीत. दर मीटर लांबीला सुमारे 69 kN·m एवढी मोमेंट शिल्लक राहते.

भिंत गुळगुळीत असती, म्हणजे δ = 0, तर P आडवा राहिला असता आणि तिन्ही रेषा बरोबर एका बिंदूत भेटल्या असत्या. म्हणजे दोष आकडेमोडीत नाही. खरबरीत भिंत आणि सरळ प्रतल या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

का नांदत नाहीत, हे घसरण-प्रतल सिद्धांत सांगतो. φ = 30° असताना घसरणीच्या दोन दिशा एकमेकींशी 60° चा कोन करतात. भिंतीपासून दूर, भिंतीचा परिणाम पोहोचत नाही तिथे, प्रतल आडव्याशी 60° वर असतं. पण δ = φ असेल तर भिंत स्वतःच एक घसरण-रेषा होते, मग दुसरी तिच्याशी 60° वर, म्हणजे आडव्याशी फक्त 30° वर निघते. थोडक्यात, खरी घसरण-रेषा तळाशी 30° ने सुरू होते आणि वळत वळत 60° पर्यंत उभी होत जाते. कुलोमचं 54.4° म्हणजे या वळणाची सरासरी काढून मारलेली सरळ रेघ.

उत्तरात फरक किती? सोकोलोव्हस्कीच्या कोष्टकात याच परिस्थितीला Ka सुमारे 0.31 आहे. म्हणजे कुलोम साधारण 4 टक्के कमी सांगतो. δ = 15° घेतला तर दोन्ही 0.30 च्या आसपास येतात. फरक किरकोळ आहे, पण त्याची दिशा लक्षात ठेवा. अ‍ॅक्टिव्हमध्ये आपण सर्वांत मोठा थ्रस्ट शोधत असतो, आणि कुलोम फक्त सरळ प्रतलांत शोधतो. वक्र रेषाही शोधात घेतल्या तर कमाल वाढेल, घटणार नाही. म्हणून त्याची चूक नेहमी असुरक्षित बाजूला पडते.

आणि रँकिन? त्याचं 0.333 ‘सुरक्षित’ आहे खरं. आडवा घटक बघितला तर सोकोलोव्हस्कीचा 0.31 × cos 30° = 0.27, म्हणजे रँकिन जवळपास चोवीस टक्के जास्त. पण ती खरबरीत भिंतीची काळजीपूर्वक केलेली आकडेमोड नाही. सपाट भरावात रँकिनच्या उभ्या प्रतलावर कातरबल शून्य असतं, म्हणून ते गुळगुळीत भिंतीचं उत्तर आहे. प्रश्नच वेगळा.

मग चार टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण हीच सवय घेऊन आपण पॅसिव्ह बाजूला जातो. तिथे घसरण-रेषा भिंतीपासून 30° खाली उतरून निघते आणि मग 30° वर चढते, म्हणजे एकूण 60° चं वळण, अ‍ॅक्टिव्हच्या दुप्पट. सरळ रेघ त्याची सरासरी काढू शकत नाही. त्याच φ आणि δ ला कुलोमचा Kp 10.1 येतो, सोकोलोव्हस्कीचा सुमारे 6.5. शीट पाइलचा आधार दीडपटीहून जास्त समजला जातो.

म्हणून अ‍ॅक्टिव्ह बाजूला कुलोम जरूर वापरा, पण प्रबंधात ‘तोल साधला’ असं लिहू नका. ‘बलांचा तोल साधला, मोमेंटचा नाही’ असं लिहा. Ka देताना तो एकूण थ्रस्टचा आहे की आडव्या घटकाचा, तेही सांगा. निम्म्या तुलना इथेच फसतात. आणि δ हा मातीचा गुणधर्म नाही, हे विसरू नका. माती भिंतीच्या तुलनेत खाली सरकली तरच तो वर ढकलतो. मऊ पायावर भिंतच मातीपेक्षा जास्त खचली, तर घर्षणाची दिशा उलटते, आणि वरचा एकही आकडा तुमच्या कामाचा राहत नाही.