बेसलचं दुसरं उत्तर कचऱ्यात टाकण्याआधी

एम.एस्सी.च्या ट्युटोरियलच्या वह्या तपासत होते. प्रश्न साधा होता: कंकणाकृती पडदा, म्हणजे मधे गोल भोक असलेला, बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही कडांना घट्ट धरलेला, त्याची सर्वात खालची वारंवारता काढा. निम्म्याहून जास्त वह्यांत एकच वाक्य होतं: "केंद्राशी Y₀ अनंत होतं, म्हणून ते टाकून देऊ." अहो, पण या पडद्याला केंद्रच नाही! तिथे भोक आहे.

मुलांना दोष देऊन उपयोग नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकांत हे वाक्य याच थाटात येतं आणि पुढच्या ओळीला पुस्तक बेसल फलाच्या शून्यांकडे वळतं. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे. ते चूक नाही, पण कारण सांगितल्याचा आव आणून कारण लपवतं.

आधी तिथपर्यंत भरभर जाऊ. ताणलेल्या पडद्याचं तरंग-समीकरण ध्रुवीय सहनिर्देशकांत लिहायचं आणि u = R(r)·Θ(θ)·T(t) असं धरायचं. काळाचा भाग साइन-कोसाइन निघतो. कोनाचाही तसाच, आणि एक फेरी मारून आलं की पडदा त्याच उंचीवर सापडायला हवा म्हणून n पूर्णांक होतो. त्रिज्येला उरतं ते हे:

r²R″ + rR′ + (k²r² − n²)R = 0

हे दुसऱ्या कोटीचं समीकरण, म्हणून उत्तरं दोन: Jₙ(kr) आणि Yₙ(kr). दोन्ही हेलकावे खातात, आणि बाहेर जाताना दोघांचीही उंची कमी होत जाते. फरक पडतो तो केंद्राजवळ. n = 0 असताना J₀ तिथे निवांत १ वर असतं, तर Y₀ लॉगॅरिदमसारखं खाली कोसळत जातं.

आता "अनंत होतं म्हणून टाका" हे पुरेसं का नाही? एक तर लॉगॅरिदम फारच आळशी अनंत आहे. Y₀ चा वर्ग करून पूर्ण चकतीवर बेरीज केली तर ती सांत येते. दुसरं म्हणजे r = 0 ही पडद्याची कड नाहीच. तो आपण निवडलेल्या सहनिर्देशकांचा मध्यबिंदू आहे. पडद्याला तो इतर कुठल्याही बिंदूसारखाच. मग तिथे आपण कुठल्या हक्काने अट लावतो?

खरं कारण बळाच्या हिशेबात आहे. केंद्राभोवती r त्रिज्येचं एक छोटं वर्तुळ काढा. बाहेरचा पडदा आतल्या तुकड्याला वर-खाली किती ओढतो? ताण S असेल तर S × परीघ × उतार. Y₀ चा उतार केंद्राजवळ 2/(πr) आहे आणि परीघ 2πr. गुणाकार 4S. त्यात r नाही! वर्तुळ कितीही लहान करा, आतलं वस्तुमान शून्याकडे जातं, पण त्यावरचं बळ तेवढंच राहतं. म्हणजे Y₀ हा मोकळ्या पडद्याचा आकार नव्हेच; तो मधोमध कुणीतरी सुईने ढकलत असलेल्या पडद्याचा आकार आहे. सुई नसेल तर Y₀ नाही. हे एकदा समजलं की कंकणाच्या प्रश्नात ते का ठेवायचं हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण आतली कड पडद्यावर बळ लावतेच.

आता वहीतलं गणित करून बघू. बाहेरची त्रिज्या १, आतली b. दोन्ही कडांवर R = 0 हवं, म्हणून x = ka साठी अट अशी:

J₀(x)Y₀(bx) − J₀(bx)Y₀(x) = 0

```python
from scipy.special import j0, y0
from scipy.optimize import brentq

for b in (1e-2, 1e-3, 1e-6):
    f = lambda x: j0(x)*y0(b*x) - j0(b*x)*y0(x)
    print(b, brentq(f, 2.5, 3.0))
```

पूर्ण चकतीसाठी x = २.४०५ असतो. Y₀ टाकून देणाऱ्या सगळ्यांचं उत्तर तेच आलं होतं, आणि आतल्या कडेवर त्यांचा पडदा खुशाल हलत होता. चूक पकडायला एवढंच पुरे: उत्तर आतल्या सीमेवर घालून बघायचं. खरं उत्तर b = ०.०१ ला सुमारे २.८० येतं.

इथे थोडं थांबा. १० सेंमी त्रिज्येच्या पडद्यावर हे भोक फक्त १ मिमी त्रिज्येचं आहे. क्षेत्रफळाचा दहा-हजारावा भाग धरून ठेवला आणि वारंवारता साडेसोळा टक्क्यांनी चढली, म्हणजे संगीताच्या भाषेत अडीच अर्धस्वरांहून जास्त. b हजारावा भाग केला तर २.६५ च्या आसपास, दहा टक्के जास्त. दशलक्षावा भाग केला तरी २.५२, अजून पाच टक्के शिल्लक. b शून्याकडे नेल्यावर उत्तर शेवटी २.४०५ वरच येतं, म्हणजे आदर्श पडद्याला एका बिंदूत धरून ठेवताच येत नाही. पण तिथवर पोचायला लॉगॅरिदमची चाल. "सुई इतकी बारीक आहे, तिचा काय परिणाम होणार" हे n = 0 च्या बाबतीत अजिबात चालत नाही. n ≥ १ असेल तर मात्र चालतं, कारण त्या आकारांत केंद्र मुळातच हलत नाही.

अर्थात दशलक्षावा भाग हा कागदावरचाच खेळ. १० सेंमीच्या पडद्यावर तो ०.१ मायक्रॉन होतो, आणि पडद्याची जाडीच त्याच्या कितीतरी पट असते. त्या मापावर पडदा नुसता ताणलेला राहत नाही, पत्र्यासारखा वाकायला विरोध करतो. समीकरण चौथ्या कोटीचं होतं, आणि पत्र्याला बिंदूत धरता येतं! म्हणजे खऱ्या पडद्यावर सुईचा परिणाम शून्याला कधी पोचतच नाही.

Y₀ च्या हकालपट्टीचा फटका फक्त परीक्षेत बसत नाही. आपल्या तबल्याचंच घ्या. मधल्या शाईमुळे त्याचे अधिस्वर जवळपास पूर्णांक पटीत येतात, हे रामन यांनी १९२० मध्ये मांडलं. पुढे १९५४ मध्ये रामकृष्ण आणि सोंधी यांनी गणितासाठी दोन घनतांचा पडदा घेतला: आत जड चकती, बाहेर हलकं कंकण. (डग्ग्याला हे असंच लागू होत नाही, तिथे शाई मधोमध नसते.) आतल्या भागात केंद्र आहे, ढकलणारं कुणी नाही, म्हणून तिथे एकटं Jₙ. बाहेरच्या भागात केंद्र नाही, म्हणून Jₙ आणि Yₙ दोन्ही. गुणांक तीन झाले, आणि अटीही तीन: शाईच्या कडेवर उंची जुळली पाहिजे, उतार जुळला पाहिजे, आणि बाहेरच्या कडेवर हालचाल शून्य. त्यातून वारंवारतेचं समीकरण निघतं. सवयीने बाहेरचंही Yₙ टाकलं तर गुणांक दोन आणि अटी तीनच राहतात, आणि त्या तिन्ही पाळणारी वारंवारता सहसा सापडतच नाही. पुढच्या ट्युटोरियलला मी हाच प्रश्न देणार आहे.