सरमिसळ म्हणजे वेगळेपण नव्हे

दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत खोलीतील सगळी मुले दहावीचीच असतात. तिथे इयत्ता मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. शाळेच्या सहामाही-वार्षिक परीक्षेत मात्र तो येतो. पुण्यातील एका शाळेची आसनव्यवस्था नुकतीच पाहण्यात आली. चार इयत्तांची नावे संगणकावर पिसून चार खोल्यांत वाटली होती आणि ‘आता शेजारी एकाच इयत्तेचे येणार नाहीत’ असे गृहीत धरले होते. हे गृहीतकच चुकीचे आहे.

हिशेब करून पाहू. समजा, सातवी ते दहावी प्रत्येकी २५ मुले आहेत. प्रत्येक खोलीत पाच रांगा, रांगेत पाच बाक आणि बाकावर एक विद्यार्थी. शेजारी म्हणजे बाजूचा, पुढचा, मागचा आणि तिरका. अशा शेजाऱ्यांच्या जोड्या खोलीत ७२ भरतात. चिठ्ठ्या टाकून बसवले, तर कोणतीही जोडी एकाच इयत्तेची असण्याची शक्यता ९९ पैकी २४, म्हणजे जवळजवळ पावपट. म्हणून प्रत्येक खोलीत सरासरी सतरा-अठरा जोड्या सदोष निघतात.

त्याऐवजी ठरावीक नमुना घ्या (स, आ, न, द या इयत्ता):

स आ स आ स
न द न द न
स आ स आ स
न द न द न
स आ स आ स

एकही जोडी सदोष नाही. पण सातवीला ९ जागा मिळाल्या, आठवी-नववीला ६-६ आणि दहावीला ४. ही विषमता चार खोल्यांत अक्षरे फिरवली की मिटते: प्रत्येक इयत्तेला एका खोलीत ९, दोन खोल्यांत ६-६ आणि एकीत ४, मिळून बरोबर २५.

मग पिसण्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण त्याची जागा दुसरी. कोणत्या इयत्तेची जागा कुठे, हे नमुन्याने ठरवावे; त्या जागेवर कोण, हे चिठ्ठीने. म्हणजे आपली जागा आधी ओळखून कोणी संगनमत करू शकत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. दोन रांगांतील समोरासमोरचे चार बाक घेतले, तर ते सगळे एकमेकांचे शेजारी असतात. म्हणून तीनच इयत्ता असतील, तर अशा प्रत्येक चौकडीत एक बाक रिकामा ठेवावा लागतो आणि खोलीत २१ पेक्षा जास्त मुले बसत नाहीत. शिवाय एका इयत्तेला खोलीत ९ पेक्षा जास्त जागा मिळूच शकत नाहीत. इयत्तेत ४० मुले आणि खोल्या चारच असतील, तर कितीही वेळा पिसा, उत्तर निघणार नाही.

तपासणी सोपी आहे. पर्यवेक्षकाने अशा कोणत्याही चौकडीपाशी थांबून इयत्ता विचाराव्यात. चार इयत्तांच्या खोलीत चार वेगळी उत्तरे आली नाहीत, तर आराखडा फसला आहे असे खुशाल समजावे.