लिमिटचा पहिला तास

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की मानपाड्यात डेमो लेक्चरांचा हंगाम येतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचं मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रोड, क्लासच्या फलकांवर सीईटी आणि जेईई तेवढीच ठळक अक्षरांत असतात. गणिताच्या डेमोसाठी पुष्कळ सर लिमिट निवडतात. दहावीपर्यंत कधी न भेटलेला विषय, त्यामुळे तासाभरात छाप पाडता येते. ‘लिमिट हा कॅल्क्युलसचा पाया आहे’ हे वाक्य या तासात हमखास येतं. ते सिद्ध करायची तसदी मात्र फार थोडे घेतात, आणि मला तक्रार करायची आहे ती याच बाबतीत.

नेहमीचा प्रयोग असा असतो. फळ्यावर (x² − 4)/(x − 2) येतं. x च्या जागी 2 घाला, 0/0 मिळालं. अवयव पाडा, (x − 2) उडवा, पुन्हा 2 घाला, उत्तर 4. मुलं वहीत उतरवून घेतात. पण वर्गातल्या चौकस मुलाला इथे साहजिकच शंका येते, की सर, तो कंस उडवायचाच होता तर तुम्ही तो मुळात ठेवलात कशाला? शंका रास्त आहे. अडचण सरांनीच उभी केली आणि सरांनीच सोडवली. लिमिटवाचून कुणाचं काही अडलेलं नव्हतं. ज्या उदाहरणात लिमिटशिवाय पुढे जाताच येत नाही, तिथून सुरुवात करायला हवी.

मी ऐकलेल्या पहिल्या तासांपैकी ज्याला खरोखर चांगला म्हणावं, त्यात सरांनी विचारलं होतं, “समोरच्या टॉवरच्या गच्चीवरून दगड सोडला. बरोबर दोन सेकंद झाले त्या क्षणी त्याचा वेग किती?” दगड t सेकंदांत साधारण 5t² मीटर पडतो, म्हणजे दोन सेकंदांत २० मीटर. एका मुलाने लगेच वीस भागिले दोन करून दहा सांगितलं. सर म्हणाले, “तो सरासरी वेग झाला रे, पहिल्या दोन सेकंदांचा. मला त्या क्षणाचा हवाय.” क्षणात अंतर शून्य आणि वेळही शून्य, मग भागायचं कशाला कशाने? इथे वर्ग पहिल्यांदा खरोखर अडला.

मग त्यांनी २ ते २.१ सेकंदांचा हिशेब मांडला. दगड २२.०५ मीटरवर पोचतो, अंतर २.०५ मीटर, सरासरी वेग २०.५. पुढे २ ते २.०१ घेतलं, वेग २०.०५. मग अंकांऐवजी h घेऊन एकदाच गुणाकार केला आणि उरलं 20 + 5h. मागून एक मुलगी म्हणाली, “मग h शून्य घ्या ना, वीस.” सरांनी खडू खाली ठेवला. “एक मिनिटापूर्वी आपण h ने भागलं. तेव्हा h शून्य नव्हता. आता म्हणता शून्य आहे. नक्की काय ते ठरवा.”

कॅल्क्युलसचा सगळा जुना वाद या दोन वाक्यांत येतो. न्यूटन आणि लाइबनिट्सची रीत उत्तरं अचूक देत होती, पण जॉर्ज बर्कली या आयरिश धर्मगुरूने १७३४ मध्ये नेमकं हेच विचारलं की, एकाच हिशेबात तुमची राशी आधी शून्य नाही आणि नंतर शून्य कशी? समाधानकारक उत्तर मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. कोशीने १८२१ मध्ये लिमिटला मध्यभागी आणलं, आणि वायरश्ट्रासने नंतर बर्लिनच्या आपल्या व्याख्यानांतून एप्सिलॉन-डेल्टाची काटेकोर भाषा रूढ केली. म्हणजे इमारत आधी उभी राहिली आणि पाया मागाहून भरला गेला. पहिल्या तासाला हे सांगितलं तर मुलांची लिमिटची भीती निम्मी ओसरेल.

सरांनी एप्सिलॉनचं नावही न घेता ते उत्तर दिलं. h शून्य मानायचाच नाही. मी म्हणतो वेग २० आहे. तुम्ही सांगा किती फरक चालेल. मुलीने ०.१ सांगितलं. फरक 5h इतका, म्हणून h हा ०.०२ पेक्षा लहान ठेवला की काम झालं. दुसऱ्याने ०.००१ मागितलं, तर h ०.०००२ च्या आत. तुम्ही कितीही बारीक फरक मागा, मला जवळचा पल्ला देता येतो, आणि असं फक्त २० बद्दलच म्हणता येतं. १९.९ म्हटलं तर ०.०५ चा फरक मागताच मी हरतो. h कुठेही शून्य झाला नाही आणि उत्तर पक्कं मिळालं.

काही सर एवढं न करता नुसता तक्ता मांडतात: x ला ०.१, ०.०१, ०.००१ द्या आणि उत्तर कुठे चाललंय ते पाहा. दिसायला छान, पण फसवं. sin(π/x) घ्या, कोन रेडियनमध्ये. या तिन्ही किमतींना उत्तर शून्यच येतं, पुढे ०.०००१ लाही शून्य. मुलं छातीठोकपणे लिमिट शून्य सांगतील. आता x = 2/21, 2/201, 2/2001 घ्या. याही किमती शून्याकडेच जातात, पण प्रत्येक वेळी उत्तर 1. इथे लिमिटच नाही. तक्त्यावरून अंदाज बांधता येतो, ग्वाही मिळत नाही. ती ‘सगळ्या जवळच्या x साठी’ या अटीतूनच येते.

भास्कराचार्यांचं नाव घेतल्याशिवाय हल्ली हा तास पुरा होत नाही. ‘सिद्धान्तशिरोमणी’ (११५०) या ग्रंथात तात्कालिक गतीचा विचार आहे, आणि तो गरजेतून आला: चंद्राची गती दिवसभरातही इतकी बदलते की रोजच्या सरासरीवर भागत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने मठ काढल्याची नोंद त्यात आहे. वर्गात सांगण्याजोगा याहून चांगला दाखला आपल्याकडे क्वचितच सापडेल. पण तेवढ्यावरून ‘कॅल्क्युलस आपणच शोधला’ म्हणून टाळ्या घेणं बरं नव्हे. क्षणाच्या गतीची कल्पना तिथे आहे. मागेल तितक्या फरकाच्या आत राहण्याची अट तिथे नाही.

सगळ्यात मोठी पळवाट मात्र लोपिताल नियमाची. एमएचटी-सीईटीच्या गणितात पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, त्यात अकरावीचा वाटा साधारण एक पंचमांश. लिमिट, कंटिन्युइटी त्यातच बसवायचं. म्हणून पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात: वरचं डिफरन्शिएट करा, खालचं करा, किंमत घाला. sin x भागिले x चं लिमिट असं काढणारा मुलगा एक गोष्ट विसरतो. sin x चं डेरिव्हेटिव्ह cos x येतं, तेच मुळी या लिमिटच्या आधारावर. सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. शिवाय नियमाची अट गळून पडते. x हा 1 कडे जाताना (x² + 1)/(x + 1) चं लिमिट विचारा. नियमाची सवय लागलेला मुलगा 2x घेऊन 2 असं सांगून मोकळा होतो. इथे 0/0 नाहीच. मूळ अपूर्णांकात १.०१ घातलं तर २.०२०१ भागिले २.०१, म्हणजे जेमतेम १.००५ येतं, खरं उत्तर 1. पण बहुपर्यायी प्रश्नात 2 हा पर्यायही छापलेला असतो, आणि घाईत त्यावरच खूण होते.