‘टेकणे’ आणि ‘टाकणे’ : एका रुग्णपत्रकाच्या मराठी अनुवादाचे परीक्षण

वाङ्मयीन अनुवादाचे परीक्षण करताना मूळ कृतीचा भाव कितपत उतरला, हा प्रश्न आपण विचारतो. ज्या अनुवादाचा वाचक वाचून झाल्यावर आस्वाद घेणार नसून उठून चालू लागणार आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न अपुरा पडतो. तेथे विचारावयाचे ते एवढेच, की वाक्य कानी पडताच कोणता अवयव हलला, केव्हा हलला, आणि तो हलावयास हवा होता काय. प्रस्तुत लेखात अशा एका अनुवादाची तपासणी करावयाची आहे.

संहिता दोन पानांची आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या, वॉकर आणि चाकांची खुर्ची कशी वापरावी यासंबंधीच्या इंग्रजी सूचनांचा तो मराठी अनुवाद असून रुग्णास घरी सोडताना तो हाती दिला जातो. लातूर जिल्ह्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या देवणी येथे एका परिचित कुटुंबात तो माझ्या पाहण्यात आला. घरातील 72 वर्षांच्या आजी अंगणातील ओल्या शहाबादी फरशीवर घसरून पडल्या, मांडीच्या हाडाची मान मोडली, आणि खुब्याचा अर्धा सांधा बदलावा लागला. आजींना अक्षरओळख नाही. नातू पत्रक वाचतो, आजी ऐकतात आणि त्याप्रमाणे करतात. म्हणजे अनुवादकाने डोळ्यांसाठी लिहिलेली संहिता येथे कानांनी ग्रहण केली जाते. पत्रकातील बहुतेक दोष या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवले आहेत.

पहिला दोष शीर्षकातच आहे. ‘कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी’ असे ते शीर्षक आहे. मराठीत कंबर म्हणजे धडाचा मधला, वाकण्याचा भाग होय; मांडीचे हाड जेथे ओटीपोटाच्या हाडाच्या खोबणीत बसते तो सांधा म्हणजे खुबा. हा शब्द मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी आहे. तो ग्राम्य वाटल्यामुळे टाळला गेला असावा. परिणाम असा, की ‘कंबरेत 90 अंशांपेक्षा अधिक वाकू नका’ ही सूचना ऐकून आजींनी पाठ ताठ ठेवली, आणि ताठ पाठीनेच त्या वीतभर उंचीच्या चौरंगावर बसावयास निघाल्या. खुब्यातील कोन केवळ धड पुढे झुकल्याने लहान होतो असे नाही. बैठक ठेंगणी असून गुडघा वर आला तरी तो तितकाच लहान होतो, आणि मागील बाजूने छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेत अशा वेळी नव्या सांध्याचा गोळा मागे निसटण्याचा धोका असतो. मूळ सूचनेत अंश आहेत म्हणून अनुवादात अंश असलेच पाहिजेत असे नाही. ‘बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर येता कामा नये’ एवढे म्हटले असते, तर चौरंग, पाट आणि उकिडवे बसण्याचा संडास ही तिन्ही एका वाक्याने वर्ज्य झाली असती.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकास अधिक बोधप्रद आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पायावर किती भार घ्यावयाचा हे शल्यचिकित्सक ठरवितो. सांधा बदललेल्या पुष्कळ रुग्णांना सोसेल तितका भार आरंभापासूनच घेऊ दिला जातो. हाड स्क्रूने जोडले असल्यास किंवा सांध्याची पकड पक्की होईपर्यंत थांबावयाचे असल्यास भार मर्यादित ठेवतात. पत्रकात यासाठी तीन चौकटी आहेत : ‘वजन नको’, ‘आंशिक वजन’, ‘पूर्ण वजन’. आजींच्या पत्रकावर सहा आठवड्यांसाठी मधल्या चौकटीत खूण होती, आणि शरीराचा निम्मा भार असे तोंडी सांगितले होते. ‘आंशिक वजन’ या शब्दांचा घरच्यांनी लावलेला अर्थ असा, की आजींनी भरलेली घागर उचलू नये, तांब्या उचलावयास हरकत नाही. हा अर्थ हास्यास्पद नाही. मराठीत ‘वजन’ हे नाम क्रियापदावाचून उभे केले, की ते उचलावयाच्या वस्तूचेच होते. शरीराचे होण्यासाठी त्यास ‘टाकणे’ किंवा ‘देणे’ या क्रियापदाची जोड लागते.

वस्तुतः येथे मराठीजवळ इंग्रजीहून नेमके साधन आहे. ‘पाय टेकणे’ आणि ‘पाय टाकणे’ या दोन प्रयोगांत एका स्वराचा फरक आहे, परंतु पहिल्यात स्पर्श आहे आणि दुसऱ्यात पाऊल पुढे पडून त्यावर शरीर येणे आहे. ज्यास भार मुळीच घ्यावयाचा नाही त्याने पाय अधांतरी धरावा. ज्यास केवळ स्पर्शाची मुभा आहे त्याने पाय टेकावा, भार टाकू नये. ज्यास निम्मा भार चालतो त्याने निम्मा भार पायावर टाकावा व उरलेला हातांवर तोलावा. ही तीन वाक्ये देवणीच्या कोणत्याही घरात समजतात. एकच दक्षता हवी : वाचून दाखविताना ‘टेका’ आणि ‘टाका’ यांत गल्लत होऊ शकते, म्हणून दोन्ही क्रियापदे एकाच वाक्यात परस्परांविरुद्ध ठेवावीत. भेद ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहतो तो विरोधामुळे.

निम्मा म्हणजे किती, हे मात्र शब्दाने कळत नाही. आजींचे वजन 52 किलो होते. वॉकर धरून उभे राहावयाचे, शस्त्रक्रियेचा पाय वजनकाट्यावर आणि दुसरा काट्याइतक्याच उंच फळीवर ठेवावयाचा, आणि काटा 26 वर येईपर्यंत पाय हळूहळू दाबावयाचा. दोनतीनदा असे केल्यावर तो दाब पायाच्या ओळखीचा होतो. अनुवादकाने ही कृती जोडणे म्हणजे मूळ संहितेशी द्रोह आहे असे मला वाटत नाही. युजीन नायडा यांनी 1964 मध्ये अनुवादाची कसोटी म्हणून ग्राहकाच्या प्रतिसादाचा जो विचार मांडला, त्याची याहून सरळ परीक्षा कोणती असणार?

कुबड्यांच्या परिच्छेदात एका विभक्तिप्रत्ययाने घात केला आहे. ‘कुबड्या काखेत धरून त्यांवर भार द्यावा’ असे वाक्य आहे. काखेतून हाताच्या नसा जातात. तेथे शरीराचा भार वारंवार पडला तर हाताला मुंग्या येतात, आणि पुढे मनगट उचलणेही कठीण होऊ शकते. म्हणून कुबडीचा माथा काखेखाली दोनतीन बोटे राहील अशी उंची ठेवावयाची, माथा बरगड्यांशी दाबून धरावयाचा, आणि भार द्यावयाचा तो मुठीवर, कोपर किंचित वाकवून. ‘काखेत’ ऐवजी ‘काखेखाली’, आणि ‘त्यांवर’ या मोघम सर्वनामाऐवजी ‘मुठींवर’, एवढ्या दुरुस्तीने वाक्य निर्धोक होते.

यापुढील दोष वाक्यरचनेचा आहे, आणि त्यापायीच एक अपघात होता होता टळला. चाकांच्या खुर्चीसंबंधी पत्रक म्हणते : ‘उभे राहा, मात्र ब्रेक लावल्यानंतर आणि पायपट्ट्या बाजूला केल्यानंतरच.’ इंग्रजी वाक्यात मुख्य क्रिया आधी येते व अट मागून. डोळ्यांनी वाचणारा वाक्य संपेपर्यंत थांबतो. आजी थांबल्या नाहीत. नातवाने ‘उभे राहा’ म्हणताच त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, खुर्ची मागे सरकली, आणि शेजारी उभ्या असलेल्या सुनेने धरले म्हणून त्या सावरल्या. पायपट्टी खाली असताना तिच्यावर पाय देऊन उठले तर खुर्ची पुढे कलंडते, हा दुसरा धोका त्या दिवशी वाट्यास आला नाही इतकेच.

मराठीचा स्वाभाविक क्रम येथे अनुवादकाच्या मदतीस उभा होता. आपली ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिते ज्या क्रमाने कृती घडतात त्याच क्रमाने येतात, आणि मुख्य क्रियापद शेवटी येते : ‘दोन्ही ब्रेक लावून, पायपट्ट्या बाजूला करून, पुढे सरकून, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवून, दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून, मग उठा.’ ऐकणाऱ्याने प्रत्येक शब्दासरशी कृती केली तरी ती योग्य जागीच पडते. वॉकर समोर असला तरी त्यास ओढून उठावयाचे नाही, कारण तो अंगावर कलंडतो. उभे राहिल्यावर हात त्यावर न्यावयाचे. चालतानाही क्रम असाच : वॉकर हातभर पुढे ठेवून, त्याचे चारही पाय जमिनीला लागल्याचे पाहून, ऑपरेशनचा पाय पुढे टाकून, हातांवर जोर देऊन, मग दुसरा पाय त्याच्या बरोबरीस आणावा. पत्रकात ‘चांगला पाय’ व ‘वाईट पाय’ असे म्हटले आहे. ज्या दिवशी दोन्ही पाय दुखतात त्या दिवशी हे नामकरण कोसळते. ‘ऑपरेशनचा पाय’ मात्र बदलत नाही. पायऱ्यांचा नियमही त्यानेच निःसंदिग्ध होतो : चढताना ऑपरेशनचा पाय मागून, उतरताना आधी. दोन्ही वेळा शरीर तोलण्याचे काम दुसऱ्या पायाकडे राहते, हे कारणही सोबत सांगावे, म्हणजे क्रम विसरला तरी पुन्हा काढता येतो.

शेवटचा दोष एका शब्दाचा आहे, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. धोक्याच्या लक्षणांत ‘पाय आखडल्यास डॉक्टरांना कळवा’ असे लिहिले आहे. मुळात अभिप्रेत आहे ते पाय अचानक आखूड दिसू लागणे. सांधा निखळला की तीव्र कळ येते, पाय दुसऱ्या पायापेक्षा तोकडा दिसतो, आत किंवा बाहेर वळतो, आणि त्यावर उभे राहवत नाही. ‘आखूड’ आणि ‘आखडणे’ हे शब्द सगोत्र असले तरी बोलीत ‘पाय आखडला’ म्हणजे तो ताठरला, आणि त्यावरील घरोघरचा उपाय म्हणजे तेल लावून चोळणे व ओढून सरळ करणे होय. निखळलेल्या सांध्यास याहून घातक उपचार नाही. त्या ठिकाणी लिहावयास हवे होते : ‘अचानक कळ येऊन पाय तोकडा किंवा वळलेला दिसला, तर चोळू नका, ओढू नका, उभे करू नका, आडवे ठेवूनच दवाखान्यात न्या.’

अनुवादक अज्ञ होता असे या परीक्षणातून सुचवावयाचे नाही. शब्दाला शब्द ताडून पाहिल्यास त्याचे बहुतेक शब्द कोशांत सापडतील. त्याची चूक अशी, की संहिता तपासताना त्याने ती पुन्हा इंग्रजीशी पडताळली. एखाद्या वृद्ध माणसास वाचून दाखवून, त्याने काय केले हे पाहिले नाही. आमच्या विभागात अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेसाठी अशी पत्रके घेतली जावीत, आणि विद्यार्थ्याने केलेला अनुवाद दुसऱ्या विद्यार्थ्याने मोठ्याने वाचावा व तिसऱ्याने संहिता न पाहता खुर्चीवरून उठून दाखवावे, अशी माझी सूचना आहे. तिसरा जेथे अडेल, तेथे अनुवाद चुकला आहे असे समजावे.

वरील दुरुस्त्या केलेले पान नातवाने शल्यचिकित्सकास दाखवून मगच वापरात घेतले. त्यानंतर तो ‘मग उठा’ या शब्दांपूर्वी किंचित थांबू लागला, आणि त्या अवधीत आजी स्वतःच ब्रेक चाचपून पाहू लागल्या.