पाचशे मीटरचा नियम आणि अडीचशे मिलीची बाटली

मागच्या सुट्टीत इस्लामपूरला घरी आलो होतो. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मामेभाऊ क्लासवरून आला. एका खांद्यावर दप्तर आणि हातात लाल रंगाच्या एनर्जी ड्रिंकची अर्धी संपलेली बाटली. दहावीत आहे, वजन बेचाळीस किलो, शिवाय कबड्डी खेळतो. "हे कशाला पितोस रे?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "दादा, काय न्हाई हुत. तुमी दिवसातनं चार चहा पिताच की."

त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, म्हणून त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कॅफीनसारखे पदार्थ द्रवातून वेगळे काढून मोजणं हे माझं रोजचं काम आहे. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आकड्यांनीच द्यावं असं वाटलं. ते करताना आपल्या राज्यात या पेयांबद्दल झालेली घोषणा पुन्हा वाचली. तिचा हेतू चांगला आहे, पण मोजमाप चुकलंय असं माझं मत झालं. ते का, हे आज सांगतो.

आधी घोषणा काय होती ते पाहू. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत आमदार सत्यजीत तांबे यांनी हा प्रश्न मांडला. त्यावर तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी सांगितलं, की शाळांपासून पाचशे मीटरच्या आत जास्त कॅफीन असलेल्या पेयांच्या विक्रीला बंदी घातली जाईल. 'जास्त कॅफीन' म्हणजे किती, हे केंद्राच्या अन्नसुरक्षा नियमांत आहे. एका लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असेल, तर ते 'कॅफीनयुक्त पेय'. आपण ज्याला एनर्जी ड्रिंक म्हणतो ते याच गटातलं. त्याच्या लेबलवर जास्त कॅफीन असल्याची सूचना, दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये हा इशारा आणि कोणी पिऊ नये याची यादी छापावी लागते. यादीत लहान मुलं आहेत, गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि खेळाडूसुद्धा आहेत. आमचे बंधुराज यातल्या दोन गटांत बसतात. पण ही यादी बाटलीच्या मागे इतक्या बारीक अक्षरांत असते, की ती वाचायला मला चष्मा लागला.

आता गणित करू. नियमाची वरची मर्यादा लिटरला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीचशे मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली कॅफीनवर सविस्तर मत दिलं. मुलं आणि किशोरांसाठी त्यांनी दिवसाला किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. मुलांवरचे अभ्यास थोडे असल्यामुळे हा आकडा मोठ्यांवरच्या अभ्यासांवरून घेतलेला आहे, तेव्हा ती काही दगडावरची रेघ नव्हे. पण हाताशी असलेली चांगली फूटपट्टी हीच आहे. बेचाळीस किलोच्या मुलासाठी ती येते १२६ मिलिग्रॅम. म्हणजे एक बाटली मर्यादेच्या आत, आणि दोन बाटल्यांचे १५० मिलिग्रॅम मर्यादेच्या बाहेर. लेबलवरची ५०० मिलीची सूट म्हणजे नेमक्या याच दोन बाटल्या. ती सत्तर किलोच्या माणसाला चालेल, पण समोरचा मुलगा 'दिवसाला दोन चालतात' एवढंच वाचतो.

मग एक बाटली ठीक का? त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, त्याकडे फारसं कोणी बघत नाही. किलोमागे साधारण १.४ मिलिग्रॅम कॅफीन, विशेषतः झोपेच्या वेळेच्या जवळ घेतलं, तर काही मोठ्या माणसांना झोप लागायला जास्त वेळ लागतो. आमच्या भावाच्या एका बाटलीत किलोमागे जवळपास १.८ मिलिग्रॅम होतात. म्हणजे दिवसाची मर्यादा न ओलांडताही झोपेची मर्यादा ओलांडलेली असते.

हे शरीरात कसं घडतं ते थोडक्यात सांगतो. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. तो ठरावीक जागी जाऊन बसला, की आपल्याला पेंग येते. कॅफीनचा रेणू दिसायला त्याच्यासारखा असतो. तो त्या जागा अडवून बसतो. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच. ॲडेनोसिन कमी होत नाही, थकवा जात नाही, फक्त थकव्याचा निरोप पोचत नाही. म्हणून 'एनर्जी' हा शब्दच मला खटकतो. बाटलीत खरी ऊर्जा आहे ती साखरेची, आणि कॅफीन आहे ते थकवा लपवणारं.

रक्तातलं कॅफीन निम्मं व्हायला निरोगी माणसात साधारण पाच तास लागतात. माणसामाणसांत यात बराच फरक असतो. साडेसातला घेतलेले ७५ मिलिग्रॅम रात्री साडेबाराला अंदाजे ३७ उरतात आणि पहाटे साडेपाचला १९. म्हणजे अभ्यास आटोपून पोरगं बारा-साडेबाराला अंथरुणावर पडतं, तेव्हा नुकताच एखादा कडक चहा घेऊन झोपल्यासारखी गत असते. सकाळी सहाच्या क्लासला उठायचं असतं. झोप अपुरी, दुपारी वर्गात डुलक्या, आणि संध्याकाळी पुन्हा बाटली.

या पेयांबद्दल व्हॉट्सॲपवर फिरणारे मेसेज हृदय बंद पडण्याच्या गोष्टी सांगतात. छातीत धडधड, हात थरथरणं, मळमळ हे जास्त प्रमाणात होतं, आणि ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांत आधीच दोष आहे त्याला धोका खरा आहे. पण बहुतेक मुलांचं रोजचं नुकसान इतकं नाट्यमय नसतं. ते झोपेचं असतं, म्हणून दिसत नाही. पोरं मेसेज वाचतात, बाटली पितात, काही होत नाही, आणि मग आपल्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास राहत नाही.

आता चहाचा मुद्दा. टपरीवरच्या छोट्या कपात पत्तीनुसार साधारण वीस ते तीस मिलिग्रॅम कॅफीन येतं. कॅफीन तेच, त्यात चांगलं-वाईट असं काही नाही. फरक आहे घेण्याच्या पद्धतीत. गरम चहा घोटाघोटाने पितात आणि कप छोटा असतो. गार, गोड पेय दोन मिनिटांत संपतं आणि तीन कपांचं कॅफीन एकदम आत जातं. कॅफीन मुळात कडू. साखर, आंबटपणा आणि थंडपणा मिळून तो कडूपणा झाकतात, म्हणून किती घेतलं याचा जिभेला अंदाज येत नाही. पण रात्री अकराला तीन कप चहा पिणाऱ्या दहावीच्या मुलालाही मी हेच सांगेन.

इथे मी घोषणेकडे परत येतो. तिची फूटपट्टी आहे 'लिटरमागे मिलिग्रॅम'. मुलं लिटर पीत नाहीत, बाटली पितात. साध्या कोलात शंभर मिलीला साधारण दहा मिलिग्रॅमच्या आतबाहेर कॅफीन असतं, म्हणजे लिटरला शंभरच्या आसपास. ते १४५ च्या खाली, म्हणून या नियमातून सुटतं. पण ७५० मिलीची कोलाची बाटली घ्या. तिच्यात कॅफीन होतं सुमारे ७० ते ७५ मिलिग्रॅम, एनर्जी ड्रिंकच्या छोट्या बाटलीइतकंच. आणि शंभर मिलीला साडेदहा ग्रॅमच्या हिशेबाने साखर होते जवळपास ८० ग्रॅम, म्हणजे सोळा चमचे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. कोलाची छोटी अडीचशे मिलीची बाटलीच ती मर्यादा पार करते. मोठी बाटली मित्रांत वाटून पितात हे खरं, पण एकट्याने संपवणारेही मी पाहिलेत. ही बाटली शाळेच्या फाटकासमोर विकायला या घोषणेची हरकत नाही.

पातळ साखरेचा आणखी एक घोळ आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना चार आठवडे रोज ४५० कॅलरी साखर गोळ्यांच्या रूपात दिली आणि वेगळे चार आठवडे तेवढीच सोड्यातून दिली. गोळ्या खाल्ल्या तेव्हा त्यांचं बाकीचं खाणं आपोआप कमी झालं. सोडा प्यायले तेव्हा झालं नाही. प्यायलेली साखर पोटाच्या हिशेबात नीट धरली जात नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला साखरेचं कौतुक असणारच, पण भाकरीबरोबरचा गूळ आणि बाटलीतली साखर यांत हा फरक आहे.

दुसरी हरकत अंतरावर. इस्लामपूरसारख्या गावात शाळा-कॉलेजांभोवती पाचशे मीटरची वर्तुळं काढली, तर बरंचसं गाव त्यात येईल. आणि तरीही मुलगा एसटी स्टँडवर, भरतीच्या मैदानाजवळ किंवा स्वतःच्या वाडीतल्या दुकानात बाटली घेऊ शकेल. तंबाखूसाठी २००३ च्या कायद्यात शाळेपासून शंभर यार्डांची अट आहे, आणि तिच्यासोबत अठरा वर्षांखालील मुलांना विकू नये ही दुसरी अटही आहे. त्याची अंमलबजावणी कशी होते ते तुम्ही रोज बघता. पण निदान त्या कायद्याने दुकान कुठे आहे याबरोबर गिऱ्हाईक कोण आहे हेही विचारलं. लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने १ जानेवारी २०२४ पासून एनर्जी ड्रिंकवर वयाचीच अट घातली, अठरा वर्षांची. कुठल्याही वाडीत ती तितकीच लागू होते.

माझ्या मते दोन गोष्टी हव्यात. अंतराऐवजी वय. आणि बाटलीच्या पुढच्या बाजूला, किमतीइतक्या मोठ्या अक्षरांत: या बाटलीत एकूण इतके मिलिग्रॅम कॅफीन, इतके ग्रॅम साखर. हे तपासणं अवघड नाही. पेयातला गॅस आधी पूर्ण काढायचा, नाहीतर बुडबुड्यांमुळे माप चुकतं. मग पातळ करून, गाळून यंत्रात सोडायचं. त्यात कॅफीन बाकीच्या घटकांपासून वेगळं होतं आणि अतिनील प्रकाश किती शोषला यावरून ते मोजता येतं. एका नमुन्याचं काम अर्ध्या तासाच्या आत होतं.

भावाला मी बाटली टाकायला लावली नाही. पाठीमागचा आकडा वाचायला लावला आणि त्याच्या वजनाने भागायला लावला. मग आठवडाभर बंद करून बघ म्हटलं. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवली. रोज पिणाऱ्याने अचानक सोडलं, तर पहिल्या दोन दिवसांत डोकं दुखू शकतं आणि चिडचिड होते. बाटली प्यायल्यावर ते थांबतं, म्हणून मुलांना वाटतं की बाटली हे औषध आहे. खरं तर ती डोकेदुखी बाटलीनेच दिलेली असते.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "डोकं दुखतंय दादा, तू म्हणालास तसंच." मग जरा थांबून म्हणाला, "पण काल साडेदहालाच झोप लागली."