माज उतरवतात, मान राखतात

समानार्थी शब्दांच्या कोशांत अभिमान, गर्व, ताठा, तोरा, माज एकाच रांगेत बसलेले दिसतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात (स्थापना १८९३) बसून असे कोश चाळताना मला ही रांग नेहमीच अपुरी वाटत आली. तिथे नाम असते, क्रियापद नसते. आणि स्तुती की निंदा, याचा निकाल बहुधा क्रियापद देते.

एक प्रसंग सांगतो. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी पैसे ठरल्याशिवाय दिवाळीची जादा सफाई करायला नकार दिला. एक शेजारी म्हणाले, "माज चढलाय हिला." त्यांच्या आईंनी तिथेच अडवले, "माज कसला रे? मानी आहे ती."

वागणे एकच, शब्द दोन. माज येतो, चढतो. म्हणून तो उतरवता येतो, जिरवता येतो. हा शब्द गोठ्यातही आहे. म्हैस माजावर येते आणि थोड्या वेळाने माज ओसरतो. माणसाला तो लावला, की त्याचा नकार हे तात्पुरते उधाण ठरते आणि ते उतरवणे हे आपले काम ठरते. उलट मान राखतात, स्वाभिमान जपतात. तो अंगचा असतो. उतरवायचा प्रश्नच येत नाही. शरीराची ठेवणही असाच कौल देते: ताठ मानेने जगतात, पण ताठा मोडतात.

आता 'गर्व' पाहा. मराठीत गर्व होतो आणि त्याचे हरण होते. गर्वाचे घर खाली, ही म्हण शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरी दहावीच्या निकालानंतर कल्याण-डोंबिवलीच्या फलकांवर 'आम्हाला तुमचा गर्व आहे' असे झळकते. हिंदीत गर्व ही कौतुकाची भावना आहे. मराठीत ती जागा अभिमानाची. 'वाटतो' आणि 'आहे' ही अभिमानाची क्रियापदे आता गर्वाला जोडली जात आहेत. पण अभिमानही जन्मतः सोज्वळ नव्हे. गीतेच्या सोळाव्या अध्यायातील आसुरी गुणांत, प्रचलित पाठानुसार, तो दंभ आणि दर्प यांच्या पंगतीला आहे. संतपरंपरेतला देहाभिमान सोडायचा असतो, बाळगायचा नव्हे. तेव्हा गर्वाचे आजचे स्थलांतर पाहून दचकायचे कारण नाही. अभिमान त्याच वाटेने आला आहे.

ही कसोटी सगळीकडे चालत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमलेल्या पोरापोरींची 'ऐट' कौतुकाची की टोमण्याची, हे केवळ स्वरावरून कळते. 'रुबाबदार' ही स्तुती. 'रुबाब दाखवू नकोस' ही तंबी.

पण माजाच्या बाबतीत कसोटी क्वचितच चुकते. हा शब्द बहुधा तोच वापरतो, ज्याला समोरच्याचा नकार अपेक्षित नव्हता. म्हणून कोशात 'माज' या नोंदीपुढे अर्थाबरोबर 'उतरवणे, जिरवणे' ही क्रियापदेही छापावीत. शब्द कोणाच्या हाती आहे, हे तिथूनच कळते.